पॅन कार्डावरचा फोटो, सही आणि वडिलांचं नाव: तीन दुरुस्त्या, तीन वेगळे रस्ते

पॅन कार्ड हातात घेतलं की ते एक संपूर्ण कागदपत्र वाटतं. प्रत्यक्षात ती आयकर विभागाकडच्या नोंदीची छापील प्रत असते. खरी गोष्ट म्हणजे विभागाच्या डेटाबेसमधली नोंद, आणि कार्डावर जे दिसतं ते तिथून आलेलं असतं. म्हणूनच कार्डावरच्या चुकीबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी विचारायला हवं, की तुम्हाला कार्ड पुन्हा छापून हवंय की नोंद बदलून हवीय? या दोन्हींसाठी वेगळे अर्ज आहेत, वेगळं शुल्क आहे, आणि इथेच बऱ्याच जणांचे पैसे पहिल्यांदा वाया जातात.

कार्ड हरवलं, तुटलं, अक्षरं पुसली, पण नोंद बरोबर आहे, तर फक्त पुनर्मुद्रण मागायचं. भारतातल्या पत्त्यासाठी त्याचे ५० रुपये लागतात. पण वडिलांचं नाव चुकलं असताना कुणी ही स्वस्त वाट धरली, तर आठवड्याभराने तीच चूक नव्याकोऱ्या प्लास्टिकवर घरी येते. नोंद बदलायची असेल तर दुरुस्तीचा अर्ज करायचा. कागद पाठवून केला तर १०७ रुपये, कागदाशिवाय केला तर त्याहून थोडे कमी. परदेशातल्या पत्त्यावर कार्ड मागवलं की हाच आकडा हजारावर जातो. त्यामुळे दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या माणसाला घाई नसेल, तर त्याने फक्त ई-पॅन मागावं किंवा भारतातला पत्ता द्यावा. दुरुस्ती झाली तरी पॅन क्रमांक बदलत नाही. दहा अक्षरांचा तोच क्रमांक, नव्या तपशिलांसह.

एक वाट मात्र अजिबात धरू नये, ती म्हणजे नव्या पॅनचा अर्ज करण्याची. "जुनं चुकलंय ना, मग नवीनच काढू," असं सांगणारे महाभाग गावोगाव भेटतात. एका माणसाकडे दोन पॅन असणं बेकायदेशीर आहे आणि त्याचा दंड १० हजार रुपयांपर्यंत जातो. चुकून दोन क्रमांक मिळालेच असतील, तर दुरुस्तीच्याच फॉर्मवर शेवटी जादाचा क्रमांक लिहून तो परत करायची सोय आहे.

अर्ज दोन ठिकाणी घेतात. एक प्रोटीन, म्हणजे पूर्वीची एनएसडीएल ई-गव्ह, आणि दुसरी यूटीआयआयटीएसएल. मूळ पॅन कुठूनही काढलेलं असलं तरी दुरुस्ती दोहोंपैकी कुठेही चालते. पुढचं वर्णन प्रोटीनच्या पद्धतीचं आहे, कारण आपल्याकडे बहुतेक अर्ज तिथूनच जाताना दिसतात. शिवाय तिचं पॅन अर्ज हाताळणारं केंद्र पुण्यात बाणेर रोडवर आहे.

आता मुख्य मुद्दा. फोटो, सही आणि वडिलांचं नाव या तिन्ही गोष्टी नोंदीत वेगवेगळ्या वाटांनी पोचतात. अर्जाच्या सुरुवातीला पडद्यावर विचारलं जातं, की कागदपत्रं कशी देणार? तिथे तीन पर्याय दिसतात:

`Submit digitally through e-KYC & e-Sign (Paperless)`

`Submit scanned images through e-Sign`

`Forward application documents physically`

बहुतेक जण पहिला पर्याय निवडतात, कारण तो सोपा दिसतो. खरोखर सोपा आहेच. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, फोटो नको, कागद नको. पण हा पर्याय निवडला की कार्डावर आधारमधला फोटो लागतो आणि पत्ताही आधारवरचाच धरला जातो. दहा वर्षांपूर्वी शिबिरात रांगेत उभं राहून काढलेला, अर्धे डोळे मिटलेला तो फोटो. तो तुम्हाला चालत असेल तर उत्तम. फोटो सुधारायचा म्हणूनच अर्ज करत असाल, तर आधी आधारमधला फोटो बघा. तो बरा नसेल तर आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या, किंवा दुसरा पर्याय निवडा आणि स्वतःचा फोटो अपलोड करा. आधारमध्ये फोटो बदलला म्हणून पॅनवरचा आपोआप बदलत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. प्रत्येक नोंदीला वेगळा अर्ज लागतो.

सहीसाठी पहिला पर्याय निरुपयोगी आहे. आधारकडे तुमची सही नाहीच. बोटांचे ठसे आहेत, डोळ्यांची बुबुळं आहेत, फोटो आहे, पण सही नाही. कागदविरहित अर्जात सहीची प्रतिमा मागितलीच जात नाही, तर नवी सही नोंदीत पोचणार कशी? सही बदलायची असेल तर दुसरा किंवा तिसरा पर्याय घ्या.

सहीचं काम मला तिन्हींत सगळ्यात नाजूक वाटतं, कारण चूक लगेच दिसत नाही. कागद पाठवायचा असेल तर ऑनलाइन अर्ज भरल्यावर मिळणाऱ्या पावतीच्या छापील पानावर दोन फोटो चिकटवायचे असतात. डावीकडच्या फोटोवर सही आडवी, अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर येईल अशी करायची. उजवीकडच्या फोटोला सहीचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, कारण तोच कार्डासाठी स्कॅन होतो. सहीसाठी वेगळी चौकट असते आणि कार्डावर जाते ती तिथली सही. ती चौकटीच्या रेषेला लागली, बाहेर गेली किंवा फोटोवरच्या सहीपेक्षा वेगळी दिसली, की अर्ज अडकतो. काळी शाई वापरा. फोटो डिंकाने चिकटवा, स्टेपल करू नका, कारण पिनेची खूण स्कॅनमध्ये दिसते. फोटोचा आकार ३.५ बाय २.५ सेंटीमीटर, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर.

सही मराठीत केली तरी चालते. फॉर्म इंग्रजी मोठ्या अक्षरांत भरायचा असतो, पण सहीला भाषेची अट नाही. अंगठा लावणाऱ्यांना मात्र एक पायरी जास्त आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि तो दंडाधिकारी, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने सही-शिक्क्यासह साक्षांकित करायचा. आजोबांच्या हाताला कंप सुटल्यामुळे सही जुळत नाही म्हणून बँक अडवत असेल, तर हा रस्ता लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अपलोडच्या पर्यायात हाच प्रकार डिजिटल होतो. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा आणि स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढला तर कागदावर सावली पडते आणि सहीच्या जागी राखाडी ढग दिसतो. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात १० रुपये देऊन स्कॅन करून घेणं परवडतं. फाइलचा आकार आणि रिझोल्यूशन किती हवं ते अपलोडच्या चौकटीशेजारीच लिहिलेलं असतं, आणि त्याबाहेरची फाइल साइट घेतच नाही.

आता वडिलांचं नाव. हा खास आपल्याकडचा गोंधळ आहे, कारण महाराष्ट्रात नावाच्या मधल्या जागी वडील असतात आणि लग्नानंतर बहुतेक बायकांच्या त्या जागी नवरा येतो. पॅनच्या फॉर्मवर अर्जदाराचं आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव अशा तीन चौकटी असतात आणि त्याखाली वडिलांच्या नावासाठी पुन्हा तशाच तीन. विवाहित स्त्रीनेही तिथे वडिलांचंच नाव लिहायचं, नवऱ्याचं नाही, असं फॉर्मवर छापलेलं असतं. पण फॉर्म भरणारा एजंट समोर ठेवतो ते आधार कार्ड, आणि आधारवर असतं "वाइफ ऑफ प्रकाश". मग वडिलांच्या जागी प्रकाशराव बसतात. दुसरा ठरलेला प्रकार म्हणजे नाव वडिलांचंच, पण आडनाव सासरचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा सुनीता प्रकाश जाधव, माहेरच्या सुनीता दत्तात्रय शिंदे. त्यांच्या पॅनवर वडिलांच्या नावाच्या जागी PRAKASH JADHAV छापलंय. त्यांचं स्वतःचं नाव आधारवर आणि पॅनवर सारखंच आहे, जन्मतारीखही जुळते. वर्षानुवर्षं विवरणपत्रं भरली, आधार-पॅन जोडणीही झाली, कुठेच अडलं नाही. अडणारही नव्हतं, कारण जोडणी करताना नाव, जन्मतारीख आणि लिंग तपासतात. वडिलांचं नाव त्यात येतच नाही. मग मैत्रिणीबरोबर छोटी कंपनी काढायची ठरली आणि संचालकाचा ओळख क्रमांक मागताना फॉर्म पुढे सरकेना. कंपनी निबंधकाकडच्या अर्जात नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव हे तिन्ही पॅनच्या नोंदीशी ताडून बघतात, आणि तिथेही विवाहित स्त्रीचे वडीलच हवे असतात. त्यांनी लिहिलं दत्तात्रय शिंदे, नोंद म्हणते प्रकाश जाधव.

सुनीताताईंनी काय करायचं? अर्जाचा प्रकार `Changes or Correction in existing PAN data` निवडायचा. पहिल्याच पानावर एक टोकन क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवायचा. अर्ज मध्येच सुटला तर त्यावरून पुन्हा पुढे जाता येतं. त्यानंतरच्या पानांवर त्यांना स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता असं सगळंच भरावं लागेल, पण प्रत्येक ओळीच्या डाव्या कडेला एक छोटी चौकट असते आणि बदलायच्या ओळीवरच तिथे खूण करायची. सुनीताताईंनी फक्त वडिलांच्या ओळीवर खूण करावी. फोटो किंवा सहीसाठी `Photo Mismatch` आणि `Signature Mismatch` अशा वेगळ्या चौकटी आहेत. खूण केली नाही, तर नवा फोटो चिकटवूनही कार्ड जुन्याच फोटोचं येऊ शकतं. उलट, सगळीकडे खुणा करत सुटलं तर प्रत्येक खुणेसाठी पुरावा मागितला जातो. नोंद जशी आहे तशी राहू द्यायची असेल तिथे हात लावू नये.

वडिलांच्या चौकटीत आडनाव SHINDE, पहिलं नाव DATTATRAY. मधल्या जागी आजोबांचं नाव लिहिलं तर चालतं, नाही लिहिलं तरी चालतं. श्री, कै., डॉ. असलं काही लावायचं नाही. वडील हयात नसले तरी नुसतं नाव. आडनाव आणि पहिलं नाव आद्याक्षराने लिहिलेलं चालत नाही.

पुराव्याकडे वळलं की खरी गंमत सुरू होते. वडिलांचं नाव आधारवरून पडताळता येत नाही. तिथे असतो तो पत्त्याचा भाग म्हणून "केअर ऑफ", वडिलांची नोंद नव्हे. म्हणून दुसरा कागद लागतो. दहावीचं प्रमाणपत्र लगेच आठवतं, पण महाराष्ट्र बोर्डाच्या प्रमाणपत्रावर वडिलांसाठी वेगळी ओळ नसते. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव आडनावापासून असतं आणि वेगळी ओळ असते ती आईच्या नावाची. "शिंदे सुनीता दत्तात्रय" यातला दत्तात्रय म्हणजे वडील, हे आपल्याला कळतं. कागद तपासणारा मराठी नसेल तर त्याला ते कळेलच असं नाही. मतदार ओळखपत्रावर विवाहित स्त्रीच्या नावाखाली बहुधा नवराच असतो, म्हणजे चुकीलाच दुजोरा. जिथे वडिलांच्या नावाची स्वतंत्र ओळ आहे असा कागद द्यावा. पासपोर्टचं शेवटचं पान किंवा जन्मदाखला सगळ्यात बरा.

सुनीताताईंकडे पासपोर्ट नाही, जन्मदाखला आहे. पण त्यावर आहे मुलीचं नाव सुनीता आणि वडील दत्तात्रय शिंदे. ही सुनीता आणि पॅनवरची सुनीता प्रकाश जाधव एकच, हे कोण सांगणार? त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं. त्यावर माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच पानावर असतं, म्हणून ते दोन कागदांना जोडतं. राजपत्रात नावबदल छापून घेतला असेल तर त्याची प्रतही तेच काम करते. म्हणजे पाकिटात गेले आधारची प्रत, जुन्या पॅनची प्रत, जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही.

स्पेलिंगकडे दोनदा बघा. जन्मदाखल्यावर Dattatray असेल आणि अर्जात शेवटी एक a जास्त पडला, तर संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत. जो कागद देणार त्यावरचंच स्पेलिंग अर्जात जसंच्या तसं उतरवायचं. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी नाव असलेली प्रत मागून घ्यावी. मराठी दाखल्यावरून स्पेलिंग सिद्ध होत नाही आणि वाद तिथेच उभा राहतो.

आईच्या नावाचाही पर्याय आहे. फॉर्मवर वडील आणि आई दोघांची नावं देता येतात आणि कार्डावर कुणाचं छापायचं ते निवडता येतं. ज्यांना एकट्या आईने वाढवलंय त्यांना वडिलांचं नाव न देता फक्त आईचं देता येतं. ही सोय ५ डिसेंबर २०१८ पासून आहे. तरीही अजून अनेक एजंट "वडिलांचं नाव लागतंच" म्हणून मागे लागतात. तिथे माघार घेऊ नका.

अर्ज ऑनलाइन भरून, पैसे भरून झाले की पंधरा अंकी क्रमांकाची पावती मिळते. पहिल्या दोन पर्यायांत ती आधार ओटीपीने ई-साइन केली की काम संपतं. आधारशी मोबाइल जोडलेला नसेल तर इथेच गाडी थांबते. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं नाही तरी थांबते, म्हणून नावात फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करावं आणि मग पॅनकडे यावं. तिसऱ्या पर्यायात पावती छापून, फोटो लावून, सही करून, पाकिटावर पावती क्रमांक लिहून कागद पाठवायचे. अर्ज भरल्यापासून १५ दिवसांत ते पोचायला हवेत. पाठवल्याचा दिवस धरत नाहीत, पोचल्याचा धरतात, त्यामुळे साध्या टपालापेक्षा स्पीड पोस्ट बरं.

नंतर पावती क्रमांकावरून साइटवर स्थिती बघत राहावं. कागदात काही खटकलं की अर्ज रोखून ठेवतात आणि ईमेलवर किंवा पत्राने कारण कळवतात. सही जुळत नाही, फोटो अस्पष्ट आहे, दिलेल्या कागदात वडिलांचं नाव नाही, ही नेहमीची कारणं. अशा वेळी नवा अर्ज करू नये. त्याच पावती क्रमांकावर मागितलेला कागद पाठवायचा. पुन्हा पैसे भरायचे नसतात, आणि दोन अर्ज एकाच वेळी चालू राहिले तर गुंता वाढतो.

सगळं जुळलं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत ईमेलवर ई-पॅनची पीडीएफ येते. ती उघडायला जन्मतारीख हाच पासवर्ड असतो, दिवस-महिना-वर्ष सलग आठ अंकांत. प्लास्टिकचं कार्ड टपालाने मागाहून येतं. पीडीएफ आली की कार्डाची वाट न बघता ती तपासा, कारण ई-पॅनही तितकंच ग्राह्य आहे आणि चूक राहिली असेल तर इथेच दिसते. कार्डावरचा क्यूआर कोडही एकदा वाचून बघावा. जुलै २०१८ पासूनच्या कार्डांवरच्या कोडमध्ये नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही असं सगळं साठवलेलं असतं. पॅनचे कोड वाचणारं ॲप त्यासाठी मोफत मिळतं, साध्या कोड-वाचकाने तो उलगडत नाही. छापील अक्षरं आणि कोडमधली माहिती एकच दिसली, म्हणजे नोंदही बदलली.

अल्पवयीन असताना पॅन काढलेल्या मुलांचा प्रश्न याच फॉर्मने सुटतो. त्या कार्डावर मुलाचा फोटोही नसतो आणि सहीही नसते. अठरा पूर्ण झाले की दुरुस्तीचा अर्ज करून दोन्ही चौकटींवर खूण करायची. कॉलेजात प्रवेश घेताना बँक खातं उघडायची वेळ येते तेव्हा हे आठवतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. वाढदिवसाच्या महिन्यातच उरकून टाकावं. आणि इथेही कागदविरहित पर्याय टाळावा, नाहीतर सहीची जागा मोकळीच राहील.

फोटो जुना झाला किंवा सही थोडी बदलली म्हणून पॅन बदललंच पाहिजे असा कायदा नाही. वीस वर्षांपूर्वीच्या फोटोचं कार्डही वैध असतं. बँकेने किंवा म्युच्युअल फंडाने चेहरा किंवा सही जुळत नाही म्हणून अडवलं, तरच हा खटाटोप करावा. आणि केला तर लक्षात ठेवा, पॅनवरची सही बदलल्याने बँकेतली नमुना सही बदलत नाही. तिथे नव्या पॅनची प्रत घेऊन जाऊन वेगळा फॉर्म भरावा लागतो, म्युच्युअल फंडांच्या केवायसीसाठी आणखी एक. म्हणून पॅनच्या अर्जावर बँकेतलीच सही करावी, हे सगळ्यात कमी त्रासाचं.